पत्रिका, शांती, खडा: पैसे देण्याआधीची कामं आणि थांबायच्या जागा

बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी कुणीतरी घाबरवतं, मग पैसे जातात, मग घरी सांगितलं जातं आणि विधी उरकल्यावर विचारलं जातं की या पैशांत नेमकं काय काय होतं. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. शांतीने फळ मिळतं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, तो इथे सोडवायचा नाही. इथे फक्त व्यवहार पाहू. उदाहरण कालसर्प शांतीचं घेतलं आहे, कारण मराठी घरांत ‘त्र्यंबकला जाऊन या’ हा सल्ला सर्वांत जास्त वेळा याच नावाखाली मिळतो.

## १. ज्योतिषाकडे जाण्याआधी: एक प्रश्न, एक आकडा

एका कागदावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘मुलाचं लग्न जमत नाही, पुढच्या दोन वर्षांत योग आहे का?’ असा. ‘घरात काहीच नीट चालत नाही’ हा प्रश्न नव्हे. तो घेऊन गेलात तर समोरचा माणूस त्यात हवं ते भरू शकतो.

त्याच कागदावर खाली रक्कम लिहा: पत्रिका पाहणं, विधी, प्रवास, दक्षिणा सगळं धरून यंदा यापेक्षा जास्त नाही. हा आकडा घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असला पाहिजे. कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून किंवा मुदत ठेव मोडून करायची शांती या आकड्यात बसत नाही.

प्रश्न आजाराचा, मूल न होण्याचा, मनःस्थितीचा किंवा जमिनीच्या वादाचा असेल तर आधी डॉक्टर किंवा वकील. नंतर शांती करायची तर करा, पण चालू औषध एक दिवसही बंद करायचं नाही.

थांबा: ‘औषध सोडल्याशिवाय उपाय लागू पडणार नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. पुढचा एकही टप्पा वाचायची गरज नाही.

## २. पत्रिका दाखवताना: पाहण्याची फी वेगळी, उपाय वेगळा

पत्रिका पाहण्याची फी आधी विचारा आणि ती तेवढीच द्या. फुकट पाहणाऱ्यापासून जरा जास्तच सावध असावं, कारण त्याचं पोट उपायावर चालतं. फी घेऊन पाहणारा ‘काही करायची गरज नाही’ असं म्हणू शकतो. फुकट पाहणाऱ्याला ते परवडत नाही.

जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मगाव सांगा. वेळ नक्की नसेल तर ‘अंदाजे’ हा शब्द वापरा, कारण लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांत बदलतं आणि त्याबरोबर सगळी स्थानं. घरातल्या घटना आपणहून सांगू नका. ‘घरात कुणाचं अकाली निधन झालंय का?’ हा पितृदोषाकडे नेणारा नेहमीचा प्रश्न आहे. तीन पिढ्या मागे गेलं तर बाळंतपणात, अपघातात किंवा साथीत गेलेलं कुणी ना कुणी प्रत्येक घरात सापडतं. तुमच्या ‘हो’ या उत्तराने दोष सिद्ध होत नाही.

बोलणं संपल्यावर तीन गोष्टी लिहून घ्या: दोषाचं नाव, तो कुठल्या ग्रहांवरून आणि स्थानांवरून ठरवला, आणि उपाय. ज्योतिषालाच लिहून द्यायला सांगितलं तर उत्तम. जो माणूस ‘राहू अमुक अंशावर, केतू अमुक अंशावर’ एवढंही लिहून देत नाही, त्याच्या शब्दावर हजारो रुपये खर्च करायचं कारण नाही.

## ३. घरी येऊन दोष तपासणे

हा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही. खरं तर याला पैसा लागत नाही, ज्योतिष शिकावं लागत नाही, फक्त अर्धा तास लागतो.

कालसर्पाची व्याख्या साधी आहे: रवीपासून शनीपर्यंतचे सातही ग्रह राहू आणि केतू यांच्या एकाच बाजूला असणं. तपासताना राशीची कुंडली पुरत नाही, ग्रहांचे अंश लागतात. ते पत्रिकेतल्या स्पष्टग्रहांच्या कोष्टकात असतात.

समजा राहू मिथुनेत १४ अंशांवर आहे, केतू धनूत १४ अंशांवर. सहा ग्रह कर्क ते वृश्चिक या राशींत, म्हणजे एका बाजूला. चंद्र धनूत. कुंडलीच्या चौकटीत चंद्र आणि केतू एकाच घरात दिसतात, म्हणून चौकट पाहणारा लगेच ‘कालसर्प’ म्हणतो. पण कोष्टकात चंद्र २० अंशांवर आहे. म्हणजे तो केतूला ओलांडून सहा अंश पुढे, दुसऱ्या बाजूला गेला आहे. सातातला एक बाहेर पडला, योग मोडला. अशा वेळी ‘मग अर्धा कालसर्प आहे’ असं उत्तर येतं. अर्ध्या दोषाला पूर्ण शांती कशासाठी, एवढं विचारून पाहा.

आता समजा चंद्र आतच होता. तरी एक हिशेब करा. चंद्र सत्तावीस दिवसांत बारा राशी फिरतो. बाकीचे सहा ग्रह एका बाजूला असतील तेव्हा चंद्र साधारण तेरा-चौदा दिवस त्याच बाजूला असतो, आणि त्या दिवसांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत हा योग येतो. एकाच प्रसूतिगृहातली ओळीने सगळी बाळं. या नावाचा योग जुन्या मान्य ग्रंथांत सापडत नाही असं सांगणारे जाणते ज्योतिषीही आहेत, म्हणून दुसरं मत घेणं हा पहिल्या ज्योतिषाचा अपमान नव्हे.

हाच हिशेब इतर दोषांना लावा. लग्नापासून १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी मंगळ असला की मंगळाची पत्रिका. बारापैकी पाच स्थानं, म्हणजे शंभरातल्या चाळीसेक पत्रिका. लग्नाबरोबर चंद्रापासूनही मोजलं तर हे प्रमाण साठाच्या वर जातं. म्हणूनच परंपरेने मंगळाला अपवादांची एवढी लांब यादी ठेवली आहे. ती यादी न सांगता थेट शांतीचा भाव सांगणारा माणूस अर्धंच शास्त्र सांगतो आहे.

साडेसाती तर त्याहून सोपी. शनी एका वेळी तीन राशींना साडेसातीत धरतो, म्हणजे कुठल्याही दिवशी साधारण चौथा हिस्सा लोक साडेसातीत असतात. शनी २९ मार्च २०२५ ला मीन राशीत आला तेव्हा कुंभ, मीन आणि मेष या तिन्ही राशींचे सगळे लोक एकदम तिच्यात होते. तुमच्या सोसायटीच्या जिन्यात भेटणाऱ्या दर चौथ्या माणसाचा जो ‘दोष’, तो तुमच्यावरच कोसळलेलं खास संकट नसतो.

तपासा: कागदावर लिहिलेले अंश पत्रिकेशी जुळले का? दुसऱ्या ज्योतिषाला पहिल्याचं मत न सांगता तीच पत्रिका दाखवली का? दोघांची नावं वेगळी आली (एकाचा कालसर्प, दुसऱ्याचा पितृदोष) तर विधीचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

## ४. भीती विकली जाते आहे हे ओळखणे

अप्रिय बोलणं म्हणजे भीती विकणं नव्हे. ‘पुढची दोन वर्षं नोकरीत जड आहेत’ हे एखादा ज्योतिषी सरळ सांगेल आणि तुम्हाला घरी पाठवेल. फरक वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात असतो: ‘...म्हणून येत्या अमावास्येच्या आत अमुक करा, नाहीतर.’ अमावास्या दर साडेएकोणतीस दिवसांनी येते. या महिन्याची हुकली तर पुढच्या महिन्याची आहेच. ज्या शांतीला खरोखर मुहूर्त लागतो तिचे गुरुजी दोन-तीन तारखा देतात.

दुसरी खूण गुप्ततेची. ‘नवऱ्याला सांगू नका, उपाय फुकट जाईल’, ‘सासूनेच केलंय, तिच्यासमोर बोलू नका.’ व्रताचे नेम असतात, पण कुठल्याही शांतीच्या संकल्पात ‘पैसे घरच्यांपासून लपवावेत’ असं येत नाही. उलट बहुतेक विधींना पत्नीसह बसायचं असतं.

तिसरी खूण उशिरा दिसते. पहिला उपाय झाला, फरक पडला नाही, आणि उत्तर येतं की दोष समजलो त्याहून खोल निघाला. ५,१०० चे २१,००० होतात, मग ५१,०००. ‘हा उपाय लागू पडला नाही तर पुढे काय?’ हे पहिल्याच दिवशी विचारून उत्तर लिहून ठेवा. पुढे रक्कम वाढवून मागितली की तोच कागद समोर ठेवायचा.

आणि कुणी डोळ्यांदेखत पुरावा दाखवला तर? लिंबू कापलं आणि लाल रस आला, ही सुरीवरच्या रसायनाची करामत असते. पात्याला मिथिल ऑरेंज लावून वाळवलेलं असतं, लिंबाच्या आम्लाने ते लाल होतं. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की पाणी लालभडक होतं, हे तर कुठल्याही घरात करून बघता येतं. सुरी आणि लिंबू तुमच्या स्वयंपाकघरातलं वापरा म्हणा. बहुधा त्या दिवशी ‘शक्ती’ येत नाही.

दबावाखाली बोलायला एक वाक्य पाठ ठेवा: ‘गुरुजी, घरी विचारून परवा फोन करतो.’ यावर जो रागावतो किंवा शाप देण्याची भाषा करतो, त्याने स्वतःच तुमचा निर्णय सोपा केला.

थांबा: मृत्यूची तारीख, मुलाच्या जिवाचा धोका, ‘घरातला एक माणूस जाणार’ असं काही ऐकलं तर त्या बैठकीत, त्या दिवशी, एक रुपयाही देऊ नका. टोकनसुद्धा नाही.

## ५. विधी करायचाच असेल तर: भाव ठरवणे

तपासून, घरी बोलून, आकड्यात बसवून विधी करायचं ठरलं. आता मध्यस्थाशी नाही, विधी सांगणाऱ्या गुरुजींशीच बोला. त्र्यंबकेश्वरात क्षेत्राचे परंपरागत पुरोहित आहेत आणि त्यांच्याकडे यजमान घराण्यांच्या वह्या असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्या गावाची आणि आडनावाची नोंद कुणाकडे आहे ते बहुधा कळतं. बसस्टँडवर किंवा मंदिराच्या वाटेवर ‘पूजा करायची का?’ म्हणत मागे लागणारा माणूस स्वतः विधी सांगत नाही, त्याचा वाटा तुमच्या रकमेत मिसळलेला असतो.

विधीचं नावही नक्की करा. कालसर्प शांती एका दिवसाची, काही तासांची. त्रिपिंडी श्राद्धही एका दिवसाचं. नारायण नागबली मात्र तीन दिवसांची, आणि ती वेगळ्याच कारणासाठी, दुर्मरण आलेल्या पूर्वजांसाठी आणि नागहत्येच्या दोषासाठी करतात. ‘आलाच आहात तर तीही करून टाका’ असं तिथे गेल्यावर सुचवलं गेलं तर नाही म्हणायचं. तुमच्या कागदावर जे नाव आहे तेच करायचं.

एकच आकडा ऐकून फोन ठेवणं ही इथली सर्वांत महाग चूक. एक हिशेब पाहा. फोनवर सांगितलं, ‘अकरा हजारांत सगळं.’ तिथे गेल्यावर अकरा हजार ही फक्त विधीची दक्षिणा निघाली. साहित्याचे ४,५००, चांदीच्या नागप्रतिमांचे ७,०००, जपाला बसलेल्या तीन ब्राह्मणांचे प्रत्येकी २,१०० म्हणजे ६,३००, अन्नदानाचे ५,१०० आणि खोलीचे २,४००. बेरीज ३६,३००. यातली एकही बाब खोटी असेलच असं नाही. पण सोवळं नेसून पाटावर बसल्यावर, समोर कलश मांडलेला असताना, कुणी ‘नको’ म्हणत नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

म्हणून जाण्याच्या आठ दिवस आधी गुरुजींना व्हॉट्सअॅपवर असा मजकूर पाठवा आणि लेखी उत्तर मागा:

‘अमुक तारखेला कालसर्प शांती. स्वतंत्र की सामूहिक? किती ब्राह्मण, त्यांची दक्षिणा धरली आहे का? साहित्य, नागप्रतिमा, भोजन, निवास यांतलं काय आत, काय बाहेर? नागप्रतिमा कुठल्या धातूची, किती ग्रॅमची? सूतक-सोयर आल्यास किंवा पाळीमुळे तारीख बदलल्यास आगाऊ रकमेचं काय?’

‘स्वतंत्र की सामूहिक’ हा प्रश्न विसरू नका. कालसर्प शांती अनेकदा एकाच वेळी दहा-पंधरा यजमानांना ओळीत बसवून होते. त्यात गैर काही नाही, पण भाव स्वतंत्र पूजेचा नसावा. प्रतिमेचं वजन विचारण्याचं कारणही व्यवहारी आहे: ग्रॅम कळले की त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणून किंमत दोन मिनिटांत पडताळता येते. किंवा सरळ गावातल्या सराफाकडून बिलासह घेऊन जा. तशी परवानगी आधी मागून ठेवा.

आगाऊ रक्कम तारीख अडवण्यापुरतीच, एकूणच्या चौथाईपेक्षा जास्त नको. यूपीआय करताना ॲपमध्ये दिसणारं खातेदाराचं नाव वाचा. गुरुजींचं किंवा त्यांच्या संस्थेचं नाव नसेल तर पैसे पाठवण्याआधी फोन करून विचारा. उरलेली रक्कम विधी संपल्यावर. पावती मागा. पावती नाही म्हणाले तर ‘एवढे मिळाले’ असा मेसेज तरी घ्या.

विधीच्या वेळी संकल्प कान देऊन ऐका. त्यात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार येतात, मग तुमचं गोत्र, नाव आणि कारण. हेच ऑनलाइन पूजेचं सर्वांत चांगलं चाचणीयंत्र आहे. पुण्यात किंवा दुबईत बसून पैसे भरलेत आणि चित्रफीत आली, तर संकल्पातला महिना आणि तिथी पंचांगाशी ताडून पाहा. उदाहरणार्थ, १९ मार्च २०२६ च्या पाडव्यापासून पराभव संवत्सर सुरू होतं. त्यानंतरच्या पूजेच्या संकल्पात आधीच्या वर्षाचं विश्वावसु ऐकू आलं, तर ती जुनीच चित्रफीत नव्या यजमानाला पाठवलेली आहे. नाव-गोत्राच्या जागी आवाज तुटत असेल तरी तेच.

## ६. खडा घेताना

पत्रिका पाहणाऱ्याकडूनच खडा घेऊ नका. एवढं पाळलं तरी निम्मी फसवणूक टळते.

वजन कॅरटमध्ये मागा. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, यात घोळ नाही. रत्ती मात्र दोन प्रकारे मोजतात: जुनी सोनाराची रत्ती साधारण ०.१२ ग्रॅमची, खड्यांच्या बाजारातली पक्की रत्ती साधारण ०.१८ ग्रॅमची. ‘सव्वापाच रत्तीचा पुष्कराज’ म्हणताना कुठली रत्ती हे सांगितलं नाही तर भाव दीडपट इकडेतिकडे होतो.

मान्यताप्राप्त रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात दोन ओळी वाचा: खडा नैसर्गिक आहे की कृत्रिम, आणि त्यावर काही प्रक्रिया झाली आहे का. तापवलेला किंवा काच भरलेला खडा नैसर्गिकच म्हणवतो, पण किंमत फार वेगळी असते. प्रमाणपत्र दगड काय आहे ते सांगतं. तो ‘लागू पडेल’ असं कुठलीही प्रयोगशाळा लिहीत नाही. तसं लिहिलेलं ‘प्रमाणपत्र’ दुकानातच छापलेलं असतं.

## ७. पैसे गेले असतील तर

पहिलं काम: आणखी पैसे देणं थांबवा. ‘गेलेले सोडवायला शेवटचे पाच हजार’ ही त्याच साखळीची पुढची कडी आहे. परतावा देतो म्हणून यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर टाकू नका, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. इथे तास मोजले जातात. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच आशा असते. वस्तू किंवा सेवेच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

धमकावून पैसे घेतले असतील तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून भीती घालणं किंवा सल्ला न ऐकल्यास वाईट परिणामांची धमकी देणं हा त्याच्या अनुसूचीतला गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. याच कायद्यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमलेले असतात. ठाण्यात त्यांचंच नाव विचारा, म्हणजे ‘हा तर श्रद्धेचा विषय’ म्हणून परत पाठवणं अवघड होतं.

या कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवा. पूजाअर्चा, वारी आणि ज्योतिषाने दिलेला सल्ला त्याने वगळला आहे. ‘शांती केली, लग्न जमलं नाही’ ही तक्रार त्यात बसणार नाही. ‘शांती केली नाहीस तर मुलगा मरेल म्हणून दोन लाख घेतले’ ही बसू शकते. जाहिरातींचं वेगळं आहे: यंत्रात किंवा ताईतात चमत्कारी शक्ती असल्याचं सांगून टीव्हीवर केलेली विक्री याच कायद्याखाली बेकायदा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं. आणि मंत्र-ताईताने आजार बरा होतो अशा जाहिरातीला १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा आड येतो.

ठाण्यात जाताना पहिल्या टप्प्यातला कागद, दुसऱ्या टप्प्यातलं दोषाचं टिपण, व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं तारखांसह आणि बँकेचा उतारा न्या. मेसेज डिलीट केलेले असतील तरी उताऱ्यावरच्या तारखा आणि रकमांचे चढते आकडे पुष्कळ काही सांगतात, म्हणून रोखीने दिलेल्या रकमाही आठवतील तशा त्याच कागदावर, तारखेच्या क्रमाने लिहून घ्या.